खाकरण्याऐवजी आवंढा

भोकरदन तालुक्यातल्या एका गावात साठीचे एक शेतकरी राहतात, असे समजा. आपण त्यांना तात्या म्हणू. असे तात्या गावोगाव असतात. त्यांचे शेत मक्याचे, थोडी मिरची. प्रकृती चांगली. दिवाळीत त्यांना सर्दी झाली. सर्दी आठ दिवसांत गेली. खोकला मात्र राहिला. खोकला म्हणजे तरी काय? दर दोन मिनिटांनी "अह्हं, अह्हं" करून घसा खाकरायचा. कधी खाकरता खाकरता खोकल्याची उबळ यायची. बेडका काही पडायचा नाही.

होळी आली तरी तेच. एकदा ते एस. टी. ने जालन्याला निघाले. शेजारच्या बाईने आपले लेकरू उचलून दुसऱ्या बाजूला घेतले. घरात सुनेने त्यांचा पेला वेगळा ठेवला. ती बोलली काहीच नाही, पण तात्यांना कळले. रात्री ते बायकोला म्हणाले, "मला काही मोठं दुखणं तर नसंल ना?"

तात्या आधी तपासून घ्यायला गेले, हे बरे केले. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला राहिला, तर थुंकी तपासायची असते. सरकारी दवाखान्यात ही क्षयाची तपासणी फुकट होते. भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात तात्यांनी थुंकी दिली. पुढे छातीचा फोटो निघाला. दोन्हींत काही दोष नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मग बरेच प्रश्न विचारले. ताप येतो का? वजन उतरले का? थुंकीत रक्त दिसले का? धाप लागते का? गिळताना घास अडकतो का? आवाज बसून तीन आठवडे झालेत का? तंबाखू खाता का? रात्री जेवून लगेच आडवे होता का, छातीत जळजळते का? रक्तदाबाची गोळी चालू आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकून तात्यांना नवल वाटले. पण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. एनालाप्रिल आणि रामिप्रिल या त्यांतल्याच. अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टर ती बदलून देतात.

तात्यांच्या बाबतीत सगळ्याला उत्तर "नाही" असेच आले. मग बाईंनी तात्यांच्या बायकोला विचारले, "झोपेत खाकरतात का हो?"

"झोपेत? न्हाई बाई. एकदा डोळा लागला की चिडीचूप. उठले की पुन्हा सुरू."

"जेवताना?"

ती जराशी थांबली. "जेवताना बी न्हाई."

एवढ्यावरून काही ठरत नाही. क्षयाचा रोगीसुद्धा एखादी रात्र शांत झोपतो. म्हणून तपासणी आधी झाली पाहिजे. पण तपासणी चोख निघाली, बेडका पडत नाही, झोपेत आणि जेवताना खाकरणे थांबते, चारचौघांत बोलायच्या आधी वाढते, तर बहुधा ती सवय असते. बाई म्हणाल्या, "तात्या, तुमच्या घशात काही अडकलेलं नाही. तुम्हीच घशाला झोडपताय."

हे झोडपणे कसे असते, ते आता पाहू.

गळ्यावर पुढून बोट ठेवा आणि "म्‌ म्‌ म्‌" असा आवाज काढा. बोटाला थरथर लागेल. तिथे आत आवाजाच्या दोन नाजूक पट्ट्या असतात. बोटाच्या पेऱ्यापेक्षा लहानच. बोलताना त्या एकमेकींवर हलक्या हाताने वाजतात. खाकरताना मात्र त्या दाणकन आपटतात.

आता दोन्ही तळहात जोरात वीस वेळा आपटा. खरेच आपटून पाहा. हात लाल होतात, गरम होतात, त्यांना खाज सुटते. आवाजाच्या पट्ट्यांचेही असेच होते. त्या सुजतात. मग शरीर त्यांच्यावर चिकट ओलावा धरते. तो पट्ट्या जपण्यासाठी असतो. पण आपल्याला वाटते, घशात काही चिकटले आहे. म्हणून आपण पुन्हा खाकरतो. पट्ट्या पुन्हा आपटतात, पुन्हा ओलावा येतो. जे काढून टाकायला आपण खाकरतो, ते खाकरण्यानेच तयार होते. घाण्याच्या बैलासारखे हे फिरणे चालू राहते.

त्यात सर्दीने घशाच्या शिरा हळव्या झालेल्या असतात. सर्दी जाते, पण त्यांचा हळवेपणा लवकर जात नाही. मिरची कांडताना ठसका लागतो, तो कुणालाही लागतो. पण हळव्या घशाला थंड वाराही पुरतो. उदबत्तीचा धूर पुरतो. नुसते बोलणे पुरते.

मग उपाय कोणता? आवंढा गिळणे.

पुन्हा गळ्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. गळ्याचे हाड वर सरकून खाली येते. त्या क्षणी श्वास थांबतो, आवाजाच्या पट्ट्या आपटल्याशिवाय मिटतात आणि घशातला चिकटपणा खाली अन्ननळीत निघून जातो. तो पोटात गेला तर काही बिघडत नाही. दिवसभर असा ओलावा आपण नकळत गिळतच असतो. म्हणजे घसा साफ करायचे जे काम खाकरून व्हायला हवे होते, तेच आवंढ्याने होते, आणि मारही बसत नाही. शिवाय गिळणे आणि खाकरणे एका वेळी होत नाही. गिळता गिळता उबळीचा जोर ओसरतो.

मग पाणी कशाला? पाणी घसा धुऊन काढते, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. पाणी आवाजाच्या पट्ट्यांवरून जात नाही. चुकून गेले तर जोराचा ठसका लागतो. पाणी हवे ते गिळायला. कोरड्या तोंडाने लागोपाठ तीन आवंढे गिळून पाहा, तिसरा अडतो. घोटभर पाणी असले की गिळणे सोपे जाते. माठातले साधे पाणी चालते.

बाईंनी तात्यांना करून दाखवले ते असे. घशात खवखव सुरू झाली की ओठ मिटायचे. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. पाण्याचा लहान घोट घ्यायचा. हनुवटी किंचित छातीकडे न्यायची आणि जरा जोर लावून, आवाज न करता गिळायचे. पाणी नसेल तर आवंढाच तसा गिळायचा. मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास हळू सोडायचा. उबळ राहिली तर हेच पुन्हा एकदा करायचे. तरीही चिकटल्यासारखे वाटले, तर आवाज न काढता नुसत्या हवेने "हंऽऽ" करायचे आणि लगेच गिळायचे. एक गोष्ट महत्त्वाची. उबळ वर चढायच्या आधीच हे करायचे. नुसती खवखव झाली की घोट घ्यायचा. खोकला फुटल्यावर घोट घेतला तर पाणी उलटे नाकात जाते.

तात्यांना पहिली अडचण आली ती भलतीच. आपण कधी खाकरतो हेच त्यांना कळत नव्हते. मग बायकोने युक्ती काढली. उजव्या खिशात मक्याचे शंभर दाणे घातले. खाकरले की एक दाणा डाव्या खिशात. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत चौसष्ट दाणे डावीकडे आले. तात्या बघतच राहिले. त्यांच्या अंदाजाने दहा-बारा झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याची बाटली जवळ आली. पहिले तीन-चार दिवस वाईट गेले. न खाकरता घशातली खवखव जास्तच जाणवते. खाज सुटावी आणि खाजवायला बंदी असावी, तसे वाटते. याच वेळी पुष्कळ लोक सोडून देतात. तात्यांनीही एक दिवस सोडले. शिवाय एक चूक केली. घोट घ्यायचा सोडून तांब्याच रिकामा करू लागले. पोट डब्ब झाले, रात्री चारदा उठावे लागले, आणि खाकरणे काही कमी झाले नाही. मोजके पाणी पुरते. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी कोरड्या आवंढ्यावरच भर द्यावा. पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

दुसरी चूक सुनेची. ती दर वेळी म्हणायची, "मामा, पुन्हा खाकरलात!" त्याने तात्यांचे सगळे लक्ष घशाकडेच जाई आणि खाकरणे वाढे. बायकोने तिला समजावले. मग ती काही न बोलता बाटली पुढे सरकवू लागली. वेगळा पेलाही तिने आपणहून मांडणीत परत ठेवला. (लहान मुलांच्या बाबतीत तर हे नक्की लक्षात ठेवावे. रागावल्याने मुलांची अशी सवय अधिक घट्ट बसते.)

आठवड्याने त्याच वेळात चाळीस दाणे झाले. तीन आठवड्यांनी पंधरा. दीड महिन्याने तीन किंवा चार. सगळ्यांचे असेच होते असे नाही. कुणाला कमी वेळ लागतो, कुणाला जास्त. पण ही घरगुती समजूत नव्हे. ऑस्ट्रेलियात २००६ साली याची परीक्षा प्रसिद्ध झाली. औषधांनी न गेलेला जुनाट खोकला असलेले ऐंशीहून जास्त लोक घेतले. काहींना असे गिळणे, श्वास सोडणे आणि घसा जपणे शिकवले. बाकीच्यांना नुसते आरोग्याचे सामान्य शिक्षण दिले. शिकवलेल्यांपैकी शेकडा ८८ जणांना चांगला गुण आला. बाकीच्यांत शेकडा १४ जणांना. वाचा आणि गिळणे यांचे उपचार शिकलेले तज्ज्ञ हे काम करतात. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत ते भेटतात.

एक मर्यादा मात्र पाळावी. छातीत खरा कफ असेल, तर तो खोकून बाहेर आलाच पाहिजे. तो दाबू नये. पिवळा किंवा हिरवा बेडका पडू लागला, ताप आला, धाप लागली, तर बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. दोन महिने नीट करूनही फरक पडला नाही, तरी पुन्हा दाखवावे.

पुढच्या थंडीत तात्यांना पुन्हा सर्दी झाली. खवखव आलीच. त्यांनी माळ्यावरची बाटली काढली आणि खिशात मक्याचे दाणे टाकले. जालन्याच्या गाडीत बसले तेव्हा भोकरदन ते राजूर सहा घोट झाले. राजूरला दाणे मोजले. डाव्या खिशात दोनच होते.