वीस पैशांची सूट आणि सहा हजार खोकी

मामांच्या भडंगाच्या कारखान्यात शिरलं की आधी खोकी दिसतात. चपटी घडी घातलेली, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले, भिंतीला लागून छातीएवढ्या थप्प्या. सांगलीतल्या या कारखान्याला वर्षाला १२,००० खोकी लागतात. दिवाळीच्या आधी मागणी थोडी चढते, एरवी महिन्याला हजाराच्या आसपास सरळ चालते. मामा आजवर एका वेळी २,००० खोकी मागवत आले, म्हणजे दोन महिन्यांची बेगमी.

फेब्रुवारीत खोकेवाल्याचं नवं दरपत्रक आलं. हजाराच्या आत घेतली तर नगाला १९ रुपये, १,००० पासून १८ रुपये, ३,००० पासून १७ रुपये ६० पैसे आणि ६,००० पासून १७ रुपये ४० पैसे. मी लहान कारखान्यांच्या खर्चाचे हिशेब बघतो, म्हणून मामांनी बोलावून घेतलं.

"सहा हजारच घेऊन टाकू का रे? नगामागं साठ पैसे वाचतात. वर्षाचे सात हजार दोनशे झाले."

गुणाकार बिनचूक होता. पण खोक्याची किंमत ही खर्चाची एक बाजू. खोकी मागवायलाही पैसे लागतात आणि ती सांभाळायलाही. हे दोन खर्च बिलावर कुठंच दिसत नाहीत, म्हणून ते आधी शोधावे लागतात.

मागवण्याचा खर्च सोपा निघाला. खोकी पाच असोत की पाच हजार, टेम्पोची एक खेप होते. भाडं ४५० रुपये आणि उतरवून थप्पी लावायची हमाली ठरवून १५०, असे ऑर्डरमागं ६०० रुपये. मामांना त्यात दिवाणजींच्या पगाराचा हिस्साही धरायचा होता. तो मी धरू दिला नाही. वर्षात सहाऐवजी चारच ऑर्डरी दिल्या तरी दिवाणजींचा पगार तेवढाच राहणार आहे. ऑर्डरी कमी केल्यावर जो खर्च खरोखर कमी होतो, तेवढाच इथं घ्यायचा.

सांभाळण्याच्या खर्चाला जास्त वेळ लागला. मामांचं बँकेत कॅश क्रेडिट आहे आणि त्यावर ११ टक्के व्याज जातं. खोक्यांत अडकलेला प्रत्येक रुपया त्याच खात्यातून आलेला असतो. शेजारचा अर्धा गाळा खास साठ्यासाठी घेतला आहे, त्याचे ३ टक्के धरले. राहिली नासाडी. पुठ्ठा हवेतली ओल पितो. पावसाळ्यात तळाचा गठ्ठा हातात घेतला की खोक्याच्या कडा मऊ लागतात, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहतो. असं खोकं टेम्पोत चौथ्या थराखाली बसतं आणि आतल्या भडंगाचा चुरा होतो. शिवाय उंदीर आहेत, आणि छपाईत काही बदललं की उरलेली खोकी रद्दीत जातात. फेकलेल्या खोक्यांची वही मामांकडे होती, तिच्यावरून ६ टक्के धरले. एकूण २० टक्के. म्हणजे १८ रुपयांचं खोकं वर्षभर ठेवलं तर ३ रुपये ६० पैसे खातं.

आता हे दोन खर्च एकमेकांविरुद्ध ओढतात. मोठी ऑर्डर दिली तर टेम्पोच्या खेपा कमी होतात, पण साठा वाढतो. त्यांचा मेळ कुठं बसतो याचं सूत्र फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरनं १९१३ मध्ये 'फॅक्टरी' नावाच्या मासिकात मांडलं. पुढं कित्येक वर्षं ते विल्सनच्या नावानं ओळखलं गेलं. आज कॉमर्सची मुलं ईओक्यू म्हणून शिकतात ते हेच.

```
Q = √(2DS / H)
```

D म्हणजे वर्षाची गरज, S म्हणजे एका ऑर्डरचा खर्च आणि H म्हणजे एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च. मामांचे आकडे घातले की वर २ × १२,००० × ६०० येतात, खाली ३.६०. भागाकार ४० लाख, त्याचं वर्गमूळ २,०००. मामा सूत्र न वापरता सवयीनं जितकी खोकी मागवत होते, नेमका तोच आकडा. मामांचा चेहरा खुलला.

पण हे सूत्र दर एकच आहे असं धरून चालतं. दराला पायऱ्या असल्या की ते एकट्यानं पुरत नाही, आणि इथंच नेहमीची चूक होते. १७.६० च्या दरानं सूत्र मांडलं तर उत्तर येतं २,०२३. हिशेब करणारा म्हणतो, ठीक, २,०२३ मागवू. पण २,०२३ खोक्यांना खोकेवाला १७.६० लावणारच नाही, त्याला ३,००० हवीत. १७.४० वर उत्तर येतं २,०३४, आणि तो दर सुरू होतो ६,००० ला. म्हणजे या दोन्ही दरांना सूत्राचं उत्तर त्यांच्या पायरीवर पोचतच नाही. अशा वेळी त्या पायरीवरची सर्वांत लहान ऑर्डर घ्यायची, कारण त्यापुढचं प्रत्येक खोकं फक्त साठ्याचा खर्च वाढवतं. १८ च्या दराचं उत्तर मात्र स्वतःच्या पायरीत नीट बसतं. त्याहून महाग १९ चा दर बघायची गरजच उरत नाही.

तेव्हा निवड तीन आकड्यांत उरली: २,०००, ३,००० आणि ६,०००. प्रत्येकाचा वर्षाचा पूर्ण खर्च काढायचा, खोक्यांच्या किमतीसकट. ही किंमत विसरून चालत नाही, कारण आता तीही ऑर्डरीच्या आकाराबरोबर बदलते.

२,००० ची ऑर्डर घेऊ. खोक्यांचे २,१६,००० रुपये. वर्षात सहा खेपा, ३,६०० रुपये. साठा भरलेला असताना २,००० आणि संपताना शून्य, म्हणून सरासरी १,००० खोकी पडून असतात, त्यांचे ३.६० प्रमाणे ३,६०० रुपये. एकूण २,२३,२००.

३,००० ची ऑर्डर. खोक्यांचे २,११,२००. चार खेपांचे २,४००. सरासरी साठा १,५००, आणि खोकं स्वस्त झाल्यानं सांभाळायला ३.५२; त्याचे ५,२८०. एकूण २,१८,८८०.

६,००० ची ऑर्डर. खोक्यांचे २,०८,८००. दोन खेपांचे १,२००. सरासरी साठा ३,०००, त्याचे ३.४८ प्रमाणे १०,४४०. एकूण २,२०,४४०.

३,००० सर्वांत स्वस्त. पण मामांना मी एकूण बेरजेपेक्षा पायऱ्यांमधलं अंतर दाखवलं. २,००० वरून ३,००० वर गेलं की खोक्यांच्या किमतीत ४,८०० वाचतात आणि खेपा व साठा मिळून खर्च फक्त ४८० नं वाढतो. ३,००० वरून ६,००० वर गेलं की किमतीत २,४०० वाचतात, पण खेपा आणि साठा ३,९६० नं वाढतात. पहिली सूट जवळजवळ फुकट मिळते. दुसरी मिळवायला मिळकतीपेक्षा जास्त मोजावं लागतं.

असं होतं कारण सूत्राच्या उत्तराच्या आसपास खर्चाची रेषा सपाट असते, परातीच्या तळासारखी. दीडपटीपर्यंत सरकलं तरी फारसं चढत नाही. तिप्पट गेलं की परातीची कड लागते. सूट बघताना म्हणून आधी विचारावं की ही पायरी आपल्या ईओक्यूपासून किती पट लांब आहे.

मामा गप्प झाले, मग म्हणाले, "आणि तुझे वीस टक्केच चुकले असतील तर?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण या हिशेबात सर्वांत कच्चा आकडा तोच असतो. उलट बाजूनं मांडून बघितलं. सांभाळण्याचा दर साधारण १४ टक्क्यांच्या खाली आला, तरच ६,००० फायद्याचे ठरतात. मामांचं नुसतं व्याजच ११ आहे. गाळा फुकट असता आणि खोकी भिजत नसती, तर ६,००० च घ्या म्हणालो असतो. वर ३० टक्के धरले तरी ३,००० च स्वस्त राहतात. आकडा थोडा चुकला तरी निर्णय टिकतो, हे कळल्यावर मग घोळ घालत बसायचं कारण नव्हतं.

दरपत्रकात आणखी एक ओळ वाचून घेतली. आमच्याकडे लागू होणारा दर ऑर्डरमधल्या सगळ्या नगांना होता. काही पुरवठादार स्वस्त दर फक्त पायरीच्या वरच्या नगांना लावतात. तसं असतं तर ३,००० च्या ऑर्डरीत एकाच खोक्याला १७.६० चा दर मिळाला असता आणि वरचा सगळा हिशेब कोलमडला असता.

मग खोकेवाल्याला फोन लावला. तो सूट का देतो, हे मला विचारायचं होतं. तो म्हणाला, "साहेब, मशीनवर तुमचा ब्लॉक चढवायचा, शाई जुळवायची, पहिली शे-दीडशे खोकी खराब जातात. सहा हजार एका दमात काढली तर हे एकदाच होतं." हॅरिसच्या लेखाचा प्रश्न मुळात हाच होता, यंत्र एकदा लावल्यावर माल किती काढावा. मामांना मिळणारी सूट म्हणजे खोकेवाल्याचा वाचलेला तो खर्च. त्याला छपाई एका दमात हवी होती, सहा हजार खोकी एकाच दिवशी मामांच्या गाळ्यात जायलाच हवीत असं काही नव्हतं.

म्हणून मामांनी मागितलं ते असं: छपाई सहा हजारांची एकदम, पण माल तीन-तीन हजारांच्या दोन खेपांत, दुसरी खेप तीन महिन्यांनी, आणि पैसे खेपेच्या वेळी. खोकेवाल्यानं पाच पैसे चढवून घेतले, १७ रुपये ४५ पैसे. खोक्यांचे २,०९,४००, चार खेपांचे २,४००, साठ्याचे ५,२३५. एकूण २,१७,०३५, म्हणजे नुसत्या तीन हजारांच्या ऑर्डरीहून आणखी १,८४५ नं कमी. मात्र सहा महिने छपाईत काहीही बदलायचं नाही, हे मामांना कबूल करावं लागलं.

दुसरी खेप जूनमध्ये उतरली, पहिला पाऊस होऊन गेल्यावर. मामांनी त्याआधीच गाळ्यात लाकडी पॅलेट टाकून घेतले होते, फरशीपासून चार बोटं उंच.