व्हिडिओ उतरतो झटपट, चढताना का अडतो?

समजा, 300 एमबीचा एक व्हिडिओ आहे. डाउनलोडचा वेग 40 एमबीपीएस असेल तर तो एका मिनिटात मोबाइलवर उतरतो. तोच व्हिडिओ तिथूनच कुणाला पाठवायला घेतला आणि अपलोडचा वेग 4 एमबीपीएस मिळाला, तर दहा मिनिटे लागतात. फोन तोच, टॉवर तोच, तरी एवढा फरक का?

पहिले कारण ताकदीचे. टॉवरवरचा अँटेना कित्येक वॅट ताकदीने लहरी सोडतो. फोनची कमाल ताकद साधारण 0.2 वॅट असते, कारण बॅटरी छोटी असते आणि शरीराजवळच्या किरणोत्सर्गावर कायद्याची मर्यादा असते. टॉवरपासून दूर गेल्यावर किंवा जाड भिंतींच्या आड त्याचे बोलणे फोनला नीट ऐकू येते, पण फोनचे उत्तर टॉवरपर्यंत क्षीण होऊन पोहोचते. ते चुकू नये म्हणून फोनला हळू बोलावे लागते, म्हणजे दर सेकंदाला कमी माहिती पाठवावी लागते.

दुसरे कारण वेळेच्या वाटणीचे. आपल्याकडच्या 4जी आणि 5जीच्या अनेक पट्ट्यांत येणारी आणि जाणारी माहिती एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालते. बहुतेक लोक पाठवतात कमी आणि पाहतात जास्त, म्हणून बहुतांश वेळ डाउनलोडला दिलेला असतो. एखाद्या टॉवरला ही वाटणी परस्पर बदलताही येत नाही. शेजारचा टॉवर फोनचे क्षीण उत्तर ऐकत असताना याने बोलायला सुरुवात केली, तर ते उत्तर त्या गोंगाटात बुडून जाईल.

सिनेमा पाहताना किंवा बातम्या वाचताना हा फरक जाणवत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र आपले चित्र सतत वर जात राहावे लागते. समोरचे सगळे आपल्याला स्वच्छ दिसत आहेत, पण ते म्हणतात, ‘तुमचा आवाज तुटतोय’, तर बहुधा आपला अपलोड कमी पडतो आहे. अशा वेळी सिग्नलच्या कांड्यांवर विसंबू नये. टॉवरचा आवाज फोनला किती जोरात ऐकू येतो, एवढेच त्या सांगतात. फोनचे उत्तर टॉवरला कसे पोहोचते, हे त्यांतून कळत नाही.

अपलोडची वाट भरली की डाउनलोडही मंदावतो. आलेल्या माहितीची पोच फोनला परत पाठवावी लागते. मागे फोटोंचा बॅकअप चालू असेल, तर ही पोच त्याच रांगेत अडकते आणि पलीकडचा सर्व्हर पुढची माहिती पाठवायला थांबतो. म्हणून महत्त्वाच्या कॉलआधी बॅकअप बंद करावा आणि खिडकीजवळ किंवा उघड्यावर बसावे. तरीही अडत असेल, तर आपला कॅमेरा बंद करून फक्त आवाज ठेवावा. आवाजाला लागणारा वेग चित्राच्या मानाने फार थोडा असतो.