मधली बारा प्रकरणं का रेंगाळली?

राजूरला बसून चाळीस प्रकरणांची अद्भुत कादंबरी लिहिली. रतनगडाच्या नेढ्यातून पलीकडच्या राज्यात गेलेली नायिका तेराव्या प्रकरणात मंतरलेला दिवा मिळवते आणि हरिश्चंद्रगडाकडे निघते. वाचणारे मित्र मात्र सतराव्याच्या आसपास थांबत होते.

मग प्रत्येक प्रकरणासाठी एकच ओळ लिहिली: तिला काय हवं होतं आणि शेवटी काय बदललं. दोन प्रकरणांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का, तेही पाहिलं. चौदा ते पंचवीसमध्ये सगळीकडे 'आणि मग' निघालं. ती चालते, कुणीतरी भेटतं, जुना इतिहास सांगतं, ती पुढे निघते.

खरा दोष तेराव्यात होता. दिवा मिळाला आणि तिची निकड तिथेच संपली. म्हणून आधी वाक्यं कापली नाहीत (तो मोह भारी असतो!), दिव्याला किंमत लावली: तो पेटवला की तिची एक आठवण जाते. आता अंधारी घळ ओलांडायची, तर काय विसरायचं हे तिलाच ठरवावं लागतं. तीन वाड्यांतले तीन मदतनीस एकाच म्हाताऱ्या गुराख्यात आले, आणि सव्विसाव्यातली फितुरी एकोणिसाव्यात.

काय काढायचं? प्रकरण झाकायचं आणि पुढचं काही अडतंय का ते बघायचं. नाही अडलं, तर ते जातं. नायिकेच्या सोबत्याच्या मृत्यूनंतरचं शांत प्रकरण मात्र या चाचणीत नापास होऊनही ठेवलं. तिथे वाचकालाही बसायला जागा हवी.

भाषेची काटछाट आता सुरू केलीय.