सुरतच्या पुरवठादाराला तगाद्याचा मेल

सुरतहून कापड मागवणाऱ्यांचे एक दुखणे नेहमीचे आहे. माल वेळेवर येत नाही आणि आधीच्या व्यवहारातले पैसेही अडकून पडतात. फोन केला की ‘माल नीकळी गयो छे’ असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच थांबतो. अशा वेळी गुजरातीत रीतसर मेल लिहिणे फायद्याचे ठरते, कारण तो पेढीचे शेठ वाचतात आणि हिशेब ठेवणारे मेहताजीही. तो कसा लिहावा, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

अहमदाबादच्या एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्याने १८ एप्रिलला सुरतच्या व्यापाऱ्याकडे २,००० मीटर कापड मागवले. दर ८५ रुपये मीटर, म्हणजे जीएसटी सोडून १ लाख ७० हजार. त्यातले ६८ हजार आगाऊ दिले. शाळा जूनमध्ये उघडतात म्हणून २० मेची मुदत ऑर्डरमध्येच लिहिली होती. प्रत्यक्षात ७०० मीटर आले, १,३०० राहिले. शिवाय मार्चच्या बिलातले १५० मीटर कापड रंग न जुळल्याने परत गेले होते. त्याचे १२,७५० रुपये ३० एप्रिलपर्यंत परत करायचे व्यापाऱ्याने कबूल केले होते, तेही आले नाहीत.

हे दोन विषय एकाच मेलमध्ये चालतात, पण एकाच परिच्छेदात नकोत. नाहीतर ‘पुढच्या बिलात वळते करू’ म्हणून दोन्ही गोष्टी पुढे ढकलल्या जातात. विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक, बाकी मीटर आणि बाकी रक्कम हवी. मग सुरुवात:

‘सविनय जणाववानुं के तारीख १८ एप्रिलना अमारा ऑर्डर मुजब २,००० मीटर कापड तारीख २० मे सुधीमां मळवानुं हतुं. तेमांथी ७०० मीटर मळ्युं छे, १,३०० मीटर हजु बाकी छे. बाकीनो माल तारीख ५ जून सुधीमां रवाना करी एल.आर. नंबर जणावशो.’

शेवटच्या वाक्यात दोन गोष्टी साधल्या आहेत. ‘जणावशो’ म्हणजे ‘कळवाल’. गुजराती व्यापारी पत्रात मागणी अशीच भविष्यकाळात करतात. त्यात आदर राहतो आणि मागणीही ठाम राहते. दुसरी गोष्ट एल.आर.ची. ही ट्रान्सपोर्टवाल्याची पावती, म्हणजेच बिल्टी. माल खरेच ट्रान्सपोर्टकडे दिला असेल तर तिचा क्रमांक लगेच सांगता येतो. क्रमांक मिळत नसेल, तर माल बहुधा गोदामातून हललेलाच नसतो.

यानंतरचे वाक्य बहुतेक जण विसरतात: ‘मोडो मळेल माल स्वीकारीए तो पण विलंबथी थयेल नुकसाननुं वळतर मागवानो अमारो हक अबाधित रहेशे.’ भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ नुसार, ज्या करारात मुदत हाच गाभा असतो, तिथे उशिरा आलेला माल निमूटपणे स्वीकारला तर उशिराची भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. म्हणून माल उतरवून घेण्याच्या दिवशी हेच वाक्य पुन्हा मेलने पाठवावे.

आता पैशांचा परिच्छेद: ‘परत मोकलेल १५० मीटर कापडना रू. १२,७५० तारीख ३० एप्रिल सुधीमां परत करवानुं आपे स्वीकारेल हतुं. ते रकम हजु सुधी मळी नथी. तारीख ७ जून सुधीमां खातामां जमा करावशो.’ व्यापाऱ्याच्या कबुलीचा मेल किंवा संदेश सोबत जोडावा.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘आधी बाकी पैसे पाठवा, मग माल.’ म्हणून हिशेब मेलमध्येच मांडावा. आलेल्या ७०० मीटरची किंमत ५९,५०० रुपये होते आणि आगाऊ रक्कम ६८ हजार गेली आहे. म्हणजे या ऑर्डरचेच ८,५०० रुपये व्यापाऱ्याकडे जास्त आहेत. उरलेली रक्कम माल मिळाल्यावर द्यायची असे ठरले असेल, तर तीही अट इथे लिहावी. आकडे समोर असले की मेहताजींनाही शेठना वेगळे सांगता येत नाही.

शेवट ‘घटतुं करवा विनंती’, म्हणजे ‘योग्य ती कार्यवाही करावी ही विनंती’, आणि ‘आपनो विश्वासु’ असा करावा. ‘कोर्टात खेचू’ वगैरे पहिल्या मेलमध्ये नको. तारीख उलटूनही उत्तर आले नाही, तर त्याच मेलखाली दुसरा मेल लिहावा, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका साखळीत राहतो.

नाशिक, धुळे, जळगावचे अनेक दुकानदार सुरतहून माल आणतात आणि तगादा मात्र फोनवरच करतात. त्यांना एवढेच सांगणे: फोन जरूर करा, पण ठेवल्याबरोबर ठरलेली तारीख आणि रक्कम मेलने लिहून पाठवा.