एक तंतू, बत्तीस घरे

फायबरच्या इंटरनेटमध्ये प्रत्येक घरासाठी एक्स्चेंजपासून वेगळी तार येत नाही. जीपॉन या भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत एक्स्चेंजमधल्या ओएलटी नावाच्या यंत्रातून एकच काचतंतू निघतो. वाटेतल्या एका छोट्या पेटीत त्याचे बहुधा ३२ फाटे होतात आणि प्रत्येक फाटा एका घरातल्या ओएनटीपर्यंत जातो.

फाटे पाडणारा स्प्लिटर विजेशिवाय चालतो. तो प्रकाशाचे फक्त वाटे करतो. कोणता संदेश कोणाचा, हे त्याला कळत नाही. ३२ वाटे करायचे म्हणजे प्रकाश पाच वेळा निम्मा करायचा. त्यात थोडी गळतीही होते, त्यामुळे प्रत्येक घराच्या वाट्याला मूळ प्रकाशाचा साधारण पन्नासावा भागच येतो. फाटे आणि अंतर हवे तेवढे वाढवता येत नाही, ते यामुळेच.

एक्स्चेंजकडून येणारा प्रवाह सोपा आहे. सगळ्यांची माहिती सगळ्या घरांत पोहोचते. प्रत्येक ओएनटी आपल्या क्रमांकाची तेवढी उचलते. शेजाऱ्याची माहिती वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय असते.

खरी कसोटी उलट दिशेला लागते. घरांकडून निघालेला प्रकाश स्प्लिटरमध्ये एकत्र होतो. दोन घरे एकाच वेळी बोलली, तर दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणून ओएलटी प्रत्येक घराला वेळ नेमून देते. १२५ मायक्रोसेकंदांची एक फेरी असते आणि त्यात ज्याला जास्त पाठवायचे आहे त्याला मोठा वाटा मिळतो. आपली पाळी नसताना ओएनटीचा लेझर बंद असतो.

पण घरांची अंतरे सारखी नसतात. समजा, एक घर २ किलोमीटरवर आहे आणि दुसरे १२ किलोमीटरवर. काचेतून एक किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. आज्ञा जाण्यात आणि उत्तर येण्यात मिळून दूरच्या घराचे उत्तर १०० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचेल, म्हणजे जवळजवळ एक अख्खी फेरी चुकेल. यावर उपाय असा, की नवी ओएनटी जोडली जाताच ओएलटी तिला हाक देते, उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजते आणि जवळच्या घराला तेवढे १०० मायक्रोसेकंद जास्त थांबायला सांगते. मग सगळी घरे जणू एकाच अंतरावर असल्यासारखी पाळीने बोलतात.

ही शिस्त मोडली की बिघाड ओळखू येतो. एका घराची तार तुटली किंवा फार वाकली, तर त्याच घरातल्या ओएनटीवर लाल दिवा लुकलुकतो. मात्र एखाद्या ओएनटीचा लेझर पाळी संपूनही सुरूच राहिला, तर त्या तंतूवरची बरीच घरे एकदम बंद पडतात. गंमत म्हणजे तिथे पोहोचणारा प्रकाश मोजला तर तो पुरेसा भरतो. अशा वेळी तंत्रज्ञ स्प्लिटरवरून एकेक घर सोडवत जातो, आणि ज्याला सोडवताच बाकीची सुरू होतात, त्याची ओएनटी बदलतो.