मेंडेलच्या 556 वाटाण्यांचा हिशेब

मेंडेलने गोल-पिवळ्या आणि सुरकुतलेल्या-हिरव्या दाण्यांच्या शुद्ध वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळेच दाणे गोल-पिवळे आले: RrYy. त्यांच्या झाडांच्या स्वपरागणातून 556 दाणे मिळाले. त्यांत 315 गोल-पिवळे, 108 गोल-हिरवे, 101 सुरकुतलेले-पिवळे आणि 32 सुरकुतलेले-हिरवे होते. म्हणजे जवळपास 9:3:3:1.

आता रंग विसरा, फक्त आकार मोजा. गोल 423, सुरकुतलेले 133, साधारण 3:1. द्विसंकराच्या पोटात एकसंकर असा दडलेला असतो. 3:1 ला 3:1 ने गुणलं की 9:3:3:1 मिळतं, ते यामुळेच.

पनेट चौकोन मांडताना मुलं हमखास चुकतात ती युग्मकं लिहिताना. Rr आणि Yy ही युग्मकं नव्हेत. युग्मकात प्रत्येक जोडीतलं एकच अक्षर जातं: RY, Ry, rY, ry. चार आडवी, चार उभी, एकूण सोळा घरं. तुमची घरं चारच भरली, तर चूक इथेच झाली आहे. हे गुणोत्तर मात्र दोन्ही जनुकं एकमेकांना संलग्न नसतील तेव्हाच येतं.

आता वही घ्या आणि RrYy × rryy सोडवा. rryy कडून एकच प्रकारचं युग्मक येतं, ry. उत्तर 1:1:1:1 यायला हवं.