पाय घसरला नाही, म्हणून पडली

विभागीय स्पर्धेतला खो-खोचा सामना. वाशिम जिल्ह्यातल्या एका शाळेची मुलगी मध्यपाटी ओलांडून वेगात आली, पाठलाग करणारीला हुलकावणी द्यायला डावा पाय टेकवला आणि तिथेच कोलमडली. घोटा मुरगळला होता. बर्फ लावताना तिला विचारलं, “घसरलीस का गं?” ती म्हणाली, “नाही सर, पाय घसरलाच नाही. जागीच धरून ठेवल्यासारखा झाला.”

तोवर आम्ही बूट विकत घेताना एकच प्रश्न विचारत होतो : घसरतो का? जो घसरत नाही तो चांगला. या मुलीचा पाय मात्र घसरला नाही म्हणूनच मुरगळला. शाळेच्या मातीवर पाय टेकला की तो चार बोटं पुढे सरकायचा आणि मग थांबायचा. हे सरकणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. विभागाला मॅट होती, आणि मॅटने पाय तिथल्या तिथे पकडला.

ही तफावत एकट्या वाशिमची नाही, पण इथे ती जास्त जाणवते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीनचा आणि काळ्या मातीचा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, अमरावती विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात, आणि वर जाल तशी पायाखाली मॅट येण्याची शक्यता वाढते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, तेव्हा या खेळांची घरची जमीन मातीच होती. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो आली, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. हे सगळं मॅटवर. सराव मातीवर आणि परीक्षा मॅटवर, अशी आता तालुक्याच्या पोरांची स्थिती आहे.

काळी माती आणि बुटाचे दात

मातीवर पकड कशी मिळते? पायाची बोटं किंवा तळव्याची नक्षी मातीत थोडी रुतते आणि मागे ढकलताना मातीचा एक पातळ थर कापला जातो. तो थर कापलं जायला जेवढा विरोध करतो, तेवढी आपली पकड. म्हणजे मातीवर निम्मी पकड बुटाची आणि निम्मी मातीची असते. अनवाणी खेळाडू चांगला पळतो तो यामुळेच. अंगठा आणि शेजारचं बोट हे त्याचे दात असतात, आणि जमीन बदलेल तसे तो ते आत-बाहेर करतो.

आता काळी माती घ्या. तिच्यातली चिकणमाती पापुद्र्यांची बनलेली असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते आणि चिकट होते, वाळली की आकसते आणि भेगाळते. पावसाळ्यात अशा जमिनीवर खोल नक्षीचा बूट घालून दहा पावलं टाका. नक्षीच्या खाचा भरून जातात, तळव्याला मातीचा गोळा लागतो आणि मग बूट जमिनीला लागतच नाही, मातीवर माती घसरते. स्टडचा फुटबॉल बूट घेतला तरी तेच होतं, शिवाय शेजारी बसलेल्याच्या बोटांवर तो पडला तर वेगळंच दुखणं.

म्हणून ओल्या काळ्या मातीला उत्तर बुटात शोधू नये, मैदानात शोधावं. खाली मुरमाची भराई आणि वर चाळलेल्या पांढऱ्या मातीत वाळू मिसळून केलेला थर असला की पाणी निथळतं आणि माती पायाला धरत नाही. कबड्डीच्या जुन्या मैदानांत माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळत. पडणाऱ्याला मऊ लागावं आणि पायाला धरावं, अशी ती दुहेरी सोय होती.

ओल बरोबर आहे की नाही हे मुठीत कळतं. वरची माती मुठीत घट्ट दाबायची. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि अंगठ्याने दाबताच भुगा झाला, तर खेळायला हरकत नाही. गोळाच झाला नाही तर मैदान कोरडं आहे, पाणी शिंपडून थांबा. गोळा अंगठ्याने नुसता चेपला आणि बोटं चिकट झाली, तर त्या दिवशी धावण्याचा सराव नको. आणखी एक बारीक गोष्ट आहे, आखणीची फक्की. कोरडी फक्की जाड पडली की पायाखाली पिठासारखी सरकते, आणि खेळाडू नेमका रेषेपाशीच वळत असतो. रेषा पातळ मारावी.

दोन पाट्यांमधलं अंतर

मॅटवर गणित बदलतं. फोमच्या मॅटमध्ये दात रुतत नाहीत. तिथे पकड मिळते ती रबराचा तळवा मॅटला जितका सपाट आणि स्वच्छ चिकटेल तितकी. म्हणून मातीचा बूट खरबरीत चांगला आणि मॅटचा बूट सपाट, मऊ रबराचा, उथळ नक्षीचा चांगला.

पकड किती हवी, याचा अंदाज खो-खोच्या मैदानावरूनच काढता येतो. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं, दोन खांबांमध्ये २४ मीटर अंतर. दोन आडव्या पाट्यांमधली मोकळी जागा २.३० मीटर. धावणारी मुलगी सेकंदाला ५ मीटर वेगाने येते असं धरू, म्हणजे १०० मीटर २० सेकंदांत. हा वेग काही फार नव्हे. पकडीचा आकडा म्हणजे बूट आडवा सरकवायला लागणारा जोर भागिले त्यावरचं वजन. हा आकडा ०.४ असेल, म्हणजे मॅटवर धूळ असेल, तर तिला पूर्ण थांबायला सुमारे ३.२ मीटर लागतील. ती एक पाटी ओलांडून पलीकडे जाईल आणि तोवर खो मिळालेली पाठीवर येईल. आकडा ०.६ असेल तर २.१ मीटर, म्हणजे दोन पाट्यांमधली जागा जेमतेम पुरेल. आकडा १ असेल तर १.३ मीटर, आणि मग हुलकावणीला जागा उरते. खांबाजवळ हात खांबाला लागतो, थोडा भार हातावर जातो आणि पायाची उणीव झाकली जाते. पकड कमी असलेला संघ सारखा खांबाकडे पळताना दिसतो, त्याचं एक कारण हे.

हे मोजायला प्रयोगशाळा नको. बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या. बुटात पाच किलोचं वजन ठेवा. बुटासह साडेपाच किलो झालं असं समजू. मॅटच्या तुकड्यावर बूट ठेवून काट्याने आडवा, सावकाश ओढा. ३.३ किलोवर सरकला तर आकडा ०.६, साडेपाचवर सरकला तर १. मऊ रबर आणि फोम कमी वजनाखाली जास्त धरतात, त्यामुळे हा आकडा अंगाच्या पूर्ण वजनाला लागू पडत नाही. तो दोन बुटांची, किंवा एकाच बुटाच्या स्वच्छ आणि धुळीच्या तळव्याची तुलना करायला वापरावा. एकदा बूट मैदानावरून थेट आणून ओढा, मग ओल्या फडक्याने पुसून, वाळवून ओढा. दोन आकड्यांतला फरक पाहिला की मुलांना समजवायला भाषण लागत नाही.

किती पकड जास्त?

मग आकडा जितका मोठा तितका चांगला का? इथे त्या मुलीचा घोटा आठवतो. सरळ रेषेतली पकड हवी, पण पाय टेकवून अंग फिरवताना तळवा थोडा फिरला पाहिजे. फिरला नाही तर ती पिळवट वर जाते, आधी घोट्यात, मग गुडघ्यात. कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मागे वळतो आणि त्याच क्षणी कोपरारक्षक घोटा धरतो. पाय मॅटला घट्ट चिकटलेला आणि अंग फिरलेलं, या अवस्थेत गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधावर सगळा ताण येतो.

यासाठी दुकानातच बूट पाहून घ्यावा. तळवा जमिनीलगत हवा. पळण्याच्या बुटाची जाड, उंच टाच आडव्या वळणात कलंडते. बूट दोन्ही हातांनी वाकवला तर बोटं जिथे वाकतात तिथेच वाकावा, मधोमध घडी पडू नये. खो-खोत बैठकीतून उठताना सगळा जोर पायाच्या पुढच्या भागावर येतो, म्हणून हे महत्त्वाचं. बाजूने अंगठ्याने दाबल्यावर कापड तळव्याच्या कडेबाहेर फुगत असेल तर पाय आतल्या आत घसरेल. मोजे घालून उभं राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीपेक्षा जास्त जागा नको. बॅडमिंटनसाठी मिळणारा गम रबराचा बूट या कसोट्यांना बऱ्याचदा उतरतो. शाळेचा पांढरा पीटी शूजही नवा असेपर्यंत चालतो. त्याचं रबर कडक होऊन चकाकायला लागलं की तो मॅटवर घसरतो. मग पॉलिश पेपरने वरची चकाकी हलकेच घासून काढावी. तरी नखाने दाबल्यावर खूण उठत नसेल, तर तो सरावाला सोडून द्यावा.

अनवाणी मॅटवर उतरू नये. मातीवर दाताचं काम करणारा अंगठा इथे दोन तुकड्यांच्या सांध्यात अडकतो, आणि सूर मारताना बोटांची कातडी सोलते.

सवयीची उसनवारी

बूट बदलून काम अर्धंच होतं. मातीवर शिकलेला खेळाडू सरकणं गृहीत धरून पाय शरीराच्या फार पुढे टाकतो. मॅटवर त्याने पाऊल आखूड करावं, गुडघा वाकवून कंबर खाली न्यावी आणि एका मोठ्या टेकणीऐवजी दोन छोट्या टेकण्यांत थांबावं. यासाठी स्पर्धेआधी मॅट मिळालीच तर पहिले दोन दिवस निम्म्या वेगाने फक्त वळणं घ्यावीत. मॅट नसेल तर शाळेच्या वऱ्हांड्यातल्या फरशीवर, बूट पुसून, चालत्या वेगात आखूड पावलांचा सराव करता येतो. सूर मात्र फरशीवर कधीच नाही.

आणि दोन जोड. एक मातीचा, एक पिशवीतला. पिशवीतला जोड मॅटच्या कडेलाच पायात चढवायचा आणि तिथेच उतरवायचा. मातीचे कण तळव्यात घेऊन मॅटवर गेलं की ते कण बारीक गोळ्यांसारखे फिरतात, आणि काट्यावरचा आकडा खाली येतो तो त्यांच्यामुळेच.

ती मुलगी पुढच्या वर्षी परत खेळली. आम्ही तिच्या सरावात टेप आणली होती. मातीवर ती थांबली की मागे सरकल्याची रेघ उमटायची, ती मोजायची. पहिल्या आठवड्यात रेघ वीतभर होती. पाऊल आखूड होत गेलं तशी ती बोटभर झाली. मॅटवर अशी रेघ उमटत नाही, म्हणून तिथला हिशेब बुटाच्या तळव्यावर वाचावा लागतो. त्या हंगामाच्या शेवटी तिने बूट उलटे करून दाखवले. दोन्ही तळवे अंगठ्याखाली सारखे झिजले होते, बाहेरच्या कडा शाबूत होत्या.